नाक्यावर ४१, रक्तात २७

प्रश्न: ठाण्यात जेवताना दोन पाइंट बिअर घेतली, सव्वाअकराला शेवटचा घोट. ११:४० ला कापूरबावडीजवळच्या नाकाबंदीत मशीनवर ४१ आलं. मग दवाखान्यात १:०५ ला रक्त घेतलं, त्याचा रिपोर्ट २७. म्हणजे मशीन खोटं होतं ना?

या दोन आकड्यांवरून तसं म्हणता येणार नाही. दोन्ही बरोबर असू शकतात. मी तुर्भे एमआयडीसीत मोजमापाची उपकरणं कॅलिब्रेट करण्याचं काम करतो आणि ब्रेथ ॲनालायझर आमच्या टेबलावर नेहमीच येतात. हाच प्रश्न मला पुष्कळदा विचारला गेलाय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट, नाक्यावरचं मशीन रक्त मोजतच नाही. ते श्वासातल्या दारूची वाफ मोजतं आणि त्यावरून रक्तातल्या दारूचा अंदाज बांधतं. फुप्फुसांच्या अगदी आतल्या हवेच्या पिशव्यांभोवती केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. रक्तात दारू असेल तर तिचा थोडासा भाग त्या पातळ पडद्यातून हवेत उतरतो. रक्तात जितकी जास्त, हवेत तितकी जास्त. हे प्रमाण बऱ्यापैकी ठरलेलं असतं, आणि सगळी पद्धत त्यावरच उभी आहे.

म्हणूनच ‘जोरात फुंका, फुंकत राहा’ असं सांगतात. सुरुवातीची हवा तोंडातली आणि श्वासनलिकेतली असते, ती रक्ताबद्दल फारसं काही सांगत नाही. मशीन ती जाऊ देतं आणि फुंक ठरावीक वेळ, ठरावीक जोराने टिकली की शेवटच्या हवेचा छोटासा नमुना आत ओढतं. चांगल्या मशीनमध्ये आत फ्युएल सेल असतो. प्लॅटिनमच्या थरावर दारूचं ॲसिटिक ॲसिड होतं आणि त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात, म्हणजे बारीकसा विद्युतप्रवाह वाहतो. दारू जास्त असेल तर प्रवाह जास्त. मधुमेहींच्या श्वासात कधीकधी असणाऱ्या ॲसिटोनला हा सेल दाद देत नाही. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त मशीनमध्ये मात्र अर्धवाहक सेन्सर असतो. तो दारूखेरीज इतर वाफांनाही हलतो, म्हणून त्याच्या आकड्यावर मी स्वतः विश्वास ठेवत नाही.

आता खरी मेख. वाफ मोजली, पण पडद्यावर ‘१०० मिलिलिटर रक्तात इतके मिलिग्रॅम’ असं दिसतं. हे रूपांतर २१०० या आकड्याने होतं. असं धरलेलं आहे की १ मिलिलिटर रक्तात जेवढी दारू, तेवढीच २१०० मिलिलिटर श्वासात असते. तुमच्या ४१ वर हे लावून पाहू. १०० मिलिलिटर रक्तात ४१ मिलिग्रॅम म्हणजे १ मिलिलिटरमध्ये ०.४१. तेवढी दारू २.१ लिटर श्वासात, म्हणजे लिटरभर श्वासात साधारण ०.१९५ मिलिग्रॅम. मशीनने प्रत्यक्षात मोजलं ते एवढंच. बाकीचा गुणाकार कारखान्यातच ठरलेला असतो.

पण २१०० हे काही तुमच्या फुप्फुसांचं माप नव्हे. माणसागणिक ते बदलतं आणि एकाच माणसात वेळेगणिकही बदलतं. तुमचं प्रमाण त्या क्षणी १८०० असेल, तर त्याच ०.१९५ वरून रक्तातला खरा आकडा ३५ निघतो. २३०० असेल तर ४५. दारू पूर्ण शोषली गेल्यावर बहुतेक लोकांचं प्रमाण २१०० च्या वरच असतं, त्यामुळे अशा वेळी मशीन रक्तापेक्षा थोडं कमीच दाखवतं. हे लोकांना सहसा माहीत नसतं. मशीन नेहमी जास्तच दाखवतं असा समज आहे, तो बरोबर नाही.

तापमानाचाही वाटा आहे. श्वास ३४ अंश सेल्सिअसचा धरून हिशोब केलेला असतो. आम्ही कॅलिब्रेशन करताना दारू मिसळलेलं पाणी बरोबर ३४ अंशांवर ठेवतो आणि त्यातून हवा बुडबुडवत मशीनमध्ये सोडतो. पाणी एका अंशाने जरी जास्त तापलं, तरी आकडा सुमारे साडेसहा टक्के वर जातो. अंगात ताप असलेल्या माणसाच्या बाबतीतही हेच होतं. श्वास रोखून मग फुंकलं तर आकडा चढतो, आधी भराभर श्वास घेतले तर उतरतो.

तुमच्या प्रकरणात मात्र मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती वेळ. मशीन ११:४० ला, रक्त १:०५ ला. मध्ये ८५ मिनिटं गेली आणि तेवढा वेळ तुमचं यकृत काम करत होतं. प्रौढ माणसाच्या रक्तातून दारू साधारण तासाला १० ते २० मिलिग्रॅम दर १०० मिलिलिटर या वेगाने कमी होते. ८५ मिनिटांत म्हणजे १४ ते २८. आता ४१ मधून १४ वजा करा, २७ उरतात. नेमका तुमचा रिपोर्ट. उलट दिशेने मोजलं, तर १:०५ ला २७ असलेल्या माणसाचा ११:४० चा आकडा ४१ ते ५५ च्या दरम्यान निघतो. म्हणून तुमचा रक्ताचा रिपोर्ट मशीनला खोटं ठरवत नाही, उलट त्याच्याशी जुळतो.

हा हिशोबही मात्र डोळे झाकून घेऊ नका. त्यात गृहीत धरलंय की ११:४० ला शोषण संपलेलं होतं आणि रक्तातला आकडा उतरणीला लागला होता. तुमचा शेवटचा घोट फक्त २५ मिनिटांपूर्वीचा, तोही जेवणाबरोबर. पोटात अन्न असलं की दारू आतड्यात हळूहळू उतरते आणि आकडा तासभर, कधी त्याहून जास्त वेळ चढत राहू शकतो. तसं असेल तर तुमचा सर्वोच्च आकडा ११:४० नंतर आला असेल, आणि मागे मोजत काढलेले ४१ ते ५५ हे ११:४० साठी जास्त ठरतात.

चढतीच्या काळात आणखी एक गोष्ट घडते. आतड्यातून आलेली दारू यकृत आणि हृदयातून आधी फुप्फुसात जाते, मग धमन्यांमधून सगळीकडे. हाताचे स्नायू तिच्यातला काही भाग शोषून घेतात, म्हणून कोपराच्या शिरेतल्या रक्तात ती उशिरा भरते. श्वास धमनीतल्या रक्ताशी जुळतो आणि सुई मात्र शिरेत टोचतात. दारू चढत असताना श्वासाचा आकडा शिरेतल्या रक्तापेक्षा वर असतो. नंतर ही तफावत मिटते. तुमचे ४१ पूर्ण चुकीचे नसले तरी काही मिलिग्रॅम वर होते, असं म्हणायला इथे जागा आहे. किती, ते तुमच्या दोन आकड्यांवरून कोणालाच ठरवता येणार नाही.

तोंडात राहिलेल्या दारूची शंका मी तुमच्या बाबतीत घेणार नाही, कारण ती साधारण १५ मिनिटांत निघून जाते आणि तुमची २५ झाली होती. मधल्या वेळात ढेकर किंवा आंबट पाणी वर आलं असेल तरच विचार करा. ही चूक किती मोठी असते ते एकदा जवळून पाहिलंय. महाप्यातल्या एका बस डेपोतून पहाटे फोन आला की मशीन बिघडलं, एरवी कधी न पिणाऱ्या ड्रायव्हरचा आकडा ६० च्या पुढे. त्याने येण्याआधी माउथवॉशने चूळ भरली होती. त्याला २० मिनिटं बसवून ठेवा, पाणीसुद्धा देऊ नका, मग पुन्हा फुंकायला लावा, असं मी सांगितलं. दुसरा आकडा शून्य आला. तोंडातली दारू अशीच ओळखू येते, थोड्या मिनिटांत आकडा कोसळतो. रक्तातली दारू तासाला १०-२० च्या गतीनेच उतरते, ती २० मिनिटांत ६० वरून शून्यावर येऊ शकत नाही.

आता रक्ताच्या रिपोर्टकडे वळा, कारण तिथेही एक खाच आहे. तपासणी संपूर्ण रक्तावर झाली की रक्तातून पेशी काढून उरलेल्या सीरमवर, ते पाहा. दारू पाण्यात मिसळते आणि सीरममध्ये पाणी जास्त असतं, म्हणून सीरमचा आकडा संपूर्ण रक्तापेक्षा साधारण १५ टक्के जास्त येतो. तुमचे २७ सीरमचे असतील तर संपूर्ण रक्तात ते २३-२४ होतात. दवाखान्यातल्या लॅबमध्ये बहुधा सीरम वापरतात. फॉरेन्सिक लॅब गॅस क्रोमॅटोग्राफीवर संपूर्ण रक्त तपासते, ती पद्धत जास्त नेमकी. नमुना कसा घेतला यावरही बरंच अवलंबून आहे. टोचण्याआधी स्पिरिटच्या बोळ्याने हात पुसला असेल तर नमुना दूषित होऊ शकतो. आणि नमुना टिकवणारं सोडियम फ्लोराइड नसलेल्या ट्यूबमध्ये रक्त उबदार जागी पडून राहिलं, तर जंतूंमुळे दारू नव्याने तयार होऊ शकते किंवा असलेली कमी होऊ शकते.

कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये ब्रेथ ॲनालायझरच्या चाचणीचा उल्लेख आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीने प्रयोगशाळेतली चाचणीही त्यात आली. शिवाय कलमाचा रोख गाडी चालवत असतानाच्या स्थितीवर आहे. त्यामुळे १:०५ चे २७ हे मर्यादेखाली आहेत, एवढ्यावर सुटका होईल असं धरून चालू नका. तुमच्या वकिलांनी मशीनच्या स्लिपवरची वेळ आणि रक्त काढल्याची नोंदलेली वेळ, या दोन्ही आधी हातात घ्याव्यात. मग मशीनचं शेवटचं कॅलिब्रेशन कधी झालं आणि तुमच्या फुंकेआधी नवीन नळी लावून शून्य दाखवलं होतं का, ते विचारावं. रिपोर्टवर ‘सीरम’ लिहिलंय की ‘रक्त’, ते तर तुम्ही आत्ताच पाहू शकता.