‘मागील वर्ष’ म्हणजे कशाच्या मागचं?

प्रश्न: माझा मार्च २०२६चा पगार १ एप्रिलला खात्यात जमा झाला. आयकरातलं ‘मागील वर्ष’ म्हणजे नेमकं कोणतं, आणि हा पगार २०२५-२६चा धरायचा की २०२६-२७चा?

गोंधळ ‘मागील’ या शब्दाने होतो. आपण ‘काल’ म्हणतो तेव्हा आजपासून मोजतो, पण लग्नाच्या ‘आदल्या दिवशी’ म्हणतो तेव्हा लग्नापासून मोजतो. १९६१च्या आयकर कायद्यातलं प्रीव्हियस इयर हे ‘काल’च्या जातीचं नाही, ‘आदल्या’च्या जातीचं आहे. असेसमेंट इयर, म्हणजे आकारणी वर्ष, त्याच्या लगेच आधीचं आर्थिक वर्ष, अशी त्याची व्याख्या आहे. म्हणून डिसेंबर २०२५ मध्ये चालू असलेलं वर्षसुद्धा कायद्याच्या भाषेत ‘प्रीव्हियस’च होतं. माझ्या मते मराठीत त्याला ‘आदलं वर्ष’ म्हटलं असतं तर निम्मी विचारणा थांबली असती.

म्हणजे १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या काळातलं उत्पन्न मागील वर्ष २०२५-२६चं, आणि त्याची आकारणी २०२६-२७ मध्ये.

आता तुमचा पगार. पगाराला नियम असा, की तो देय झाला तो दिवस किंवा हातात पडला तो दिवस, यातला जो आधी, तो धरायचा. तुमच्या नोकरीच्या अटींप्रमाणे मार्चचा पगार ३१ मार्चलाच देय होत असेल, तर बँकेने १ एप्रिलला जमा दाखवला तरी तो २०२५-२६चाच, आकारणी वर्ष २०२६-२७. मात्र काही नोकऱ्यांत, उदाहरणार्थ केंद्र सरकारच्या, मार्चचा पगार १ एप्रिललाच देय होतो. तिथे तो पुढच्या वर्षात जातो. म्हणून पासबुकावरची तारीख पाहून निर्णय करू नका, पगार कधी देय होतो ते नियुक्तिपत्रात किंवा सेवानियमांत पाहा.

यंदा मात्र एक जास्तीची अडचण आहे. १ एप्रिल २०२६पासून नवा आयकर कायदा, २०२५ लागू झाला आणि त्यात या दोन्ही वर्षांऐवजी एकच ‘टॅक्स इयर’, म्हणजे करवर्ष आलं. करवर्षाचं नाव उत्पन्न मिळालं त्या वर्षावरूनच पडतं. त्यामुळे ‘२०२६-२७’ हा एकच आकडा दोन वेगळ्या उत्पन्नांवर बसतो: तुमचा मार्चचा पगार ‘आकारणी वर्ष २०२६-२७’मध्ये, आणि एप्रिल २०२६चा पगार ‘करवर्ष २०२६-२७’मध्ये. नुसतं ‘२०२६-२७’ लिहिलेला कागद दिसला, तर आधी त्याच्या अलीकडचा शब्द वाचा. मार्चपर्यंतच्या उत्पन्नावरचा राहिलेला कर भरताना चलानात आकारणी वर्षच निवडा. चुकीचं वर्ष निवडलं गेलं, तर पैसे सरकारकडे जमा होतात, पण तुमच्या रिटर्नसमोर दिसत नाहीत, आणि कर भरलेला असूनही मागणीची नोटीस येऊ शकते.