भाषण दोन मिनिटांचं, खरी मेहनत त्यानंतरची

प्रश्न : मी कारखान्यात सुपरवायझर आहे. दर महिन्याला कामगारांचं बीपी तपासायचं ठरलंय, पण लोक टाळतात. शिफ्टच्या सुरुवातीला छोटं भाषण करायचंय. काय बोलू?

मी कोल्हापूरकडच्या एका फाउंड्रीत सुपरवायझर होतो. आधी सांगतो, लोक सुईला किंवा मशीनला घाबरत नाहीत. आकडा ऑफिसात जाईल आणि आपल्याला भट्टीवरून किंवा क्रेनवरून काढतील, ही खरी भीती. कंत्राटी पोरांना तर जास्तच. ती भीती पहिल्या वाक्यात काढली नाहीत, तर पुढचं कुणी ऐकणार नाही.

आमच्याकडे वर्षातून एकदा कॅम्प व्हायचा. एका मोल्डरचा, आम्ही त्याला आण्णा म्हणायचो, आकडा १७० वर १०४ आला. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, त्याने ती खिशात घातली आणि विषय संपला. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, मग दवाखान्यात अर्धा दिवस का घालवायचा, असं त्याचं म्हणणं. सात महिन्यांनी सेकंड शिफ्टला त्याच्या हातातून लॅडल सुटली. जीभ जड झाली, तोंड एका बाजूला वाकडं झालं. मला वाटलं उष्णतेने झालं असेल, म्हणून मी त्याला मीठ-लिंबूपाणी पाजायला गेलो. पक्षाघात झालेल्या माणसाला काही पाजायचं नसतं, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं, हे मला नंतर कळलं. मेंदूत रक्ताची गाठ झाली असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. त्यातला बराच वेळ आमच्या अंदाजात गेला. आण्णा वाचला, पण उजवा हात आजही कामाचा नाही.

तेव्हा आमचे पर्सनल ऑफिसर म्हणाले होते, ‘कॅम्प घेतला, चिठ्ठी दिली, आपलं काम झालं.’ मी तेव्हा गप्प बसलो, पण मला ते पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. नुसतं मोजणं म्हणजे उपचार नव्हे. पुढे मासिक तपासणी सुरू झाली, तेव्हा मी शिफ्ट लागायच्या आधी साधारण असं बोललो :

‘मंडळी, आजपासून महिन्यातून एकदा बीपी बघायचं. आकडा नर्सच्या वहीत राहील, ऑफिसात जाणार नाही, ही माझी जबाबदारी. बीपी दुखत नाही, म्हणून ते मोजावं लागतं. आण्णाला काहीच दुखत नव्हतं. मोजायच्या आधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री नको. पाच मिनिटं खुर्चीत टेकून बसायचं, पाय जमिनीवर, गप्पा नाहीत. १४० वर ९० च्या पुढे आलं तर घाबरू नका, पुन्हा दुसऱ्या दिवशी मोजू. तेव्हाही तेवढंच आलं तर ईएसआय दवाखान्यात जायचं. त्या दिवशी हजेरी कापली जाणार नाही, बदली माणूस मी देतो. गोळी सुरू झाली आणि आकडा उतरला, तर तो गोळीमुळे उतरलाय. स्वतःच्या मनाने बंद करू नका. कुणाला काही विचारायचं असेल तर शिफ्ट संपल्यावर मला गाठा, चारचौघांत विचारायला नको वाटत असेल तरी चालेल.’

एवढंच. हजेरीचा शब्द मात्र वरिष्ठांकडून आधी लेखी घ्या. मी पहिल्या महिन्यात तोंडी घेतला आणि एका पोराचा अर्धा दिवस कापला गेला. पुढच्या महिन्यात त्याच्या गटातले सहा जण आलेच नाहीत.

काही गोष्टी राहिल्या. भट्टीजवळून घाम पुसत आलेल्या माणसाचं लगेच मोजू नका, आकडा फसवतो. हाताला बसेल असा कफ लागतो; जाड दंडावर लहान कफ लावला तर आकडा उगाच वाढतो. शांत बसवून पुन्हा मोजल्यावरही १८० वर ११० किंवा त्याच्या पुढे असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. सोबत छातीत दुखत असेल, बोलणं अडखळत असेल, एक बाजू ढिली पडली असेल तर सरळ मोठं हॉस्पिटल, दवाखान्याची रांग नको. आणि उष्णतेत काम करणाऱ्याला गोळी घेऊन उभं राहताना अंधारी येत असेल, तर डोस कमी-जास्त करणं डॉक्टरांचं काम, तुमचं-माझं नाही.

नर्सच्या वहीत नाव आणि आकड्याच्या पुढे एक रकाना होता : ‘डॉक्टरकडे गेला का, तारीख.’ महिन्याच्या शेवटी मी वर तोच रकाना दाखवायचो, नावं झाकून. किती जणांचं मोजलं ते विचारलं, तर म्हणायचो, आधी हे बघा.