लाइक कमी, कमेंट जास्त

"माझ्या एका पोस्टला लाइक थोडे आणि कमेंट त्याच्या कितीतरी पट आल्या. म्हणजे पोस्ट लोकांना पटली असे समजायचे का?"

बहुधा नाही. ज्याला पोस्ट पटते तो अंगठा दाबून पुढे जातो, कारण त्याला वेगळे सांगण्यासारखे काही उरलेले नसते. फेसबुकवर नापसंतीचे बटण नाही, त्यामुळे ज्याला पटत नाही त्याला दोन ओळी लिहाव्याच लागतात, आणि मग त्या ओळींना कोणीतरी उत्तर देते.

मी जळगावातून खान्देशी स्वयंपाकाचे एक पान चालवतो. पऱ्हाट्यांवर भाजल्या जाणाऱ्या वांग्यांच्या फोटोला ६१० लाइक आणि ३१ कमेंट आल्या होत्या. पुढे मी लिहिले की भरितात टोमॅटो घातला तर चव वाढते. त्या पोस्टला ८४ लाइक मिळाले आणि कमेंट झाल्या २९०. आमच्याकडे हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे आणि कांद्याची पात एवढ्यावर बडगीत ठेचलेले भरीत खाणाऱ्यांना ते रुचणे शक्यच नव्हते.

तरीही केवळ या आकड्यांवर मी विसंबलो नाही. फेसबुक सगळ्या प्रतिक्रियांची एकच बेरीज दाखवते. ती उघडून पाहिली तेव्हा ८४ पैकी ३७ हसण्याच्या निघाल्या, म्हणजे खरी पसंती त्याहूनही कमी होती. उलट बाजूने, कमेंटच्या आकड्यात कमेंटखालची उत्तरेही धरली जातात, आणि २९० पैकी ६३ तर दोघांच्याच आपसातल्या वादाच्या होत्या. तेव्हा कमेंट किती आल्या यापेक्षा किती वेगवेगळ्या माणसांनी लिहिले हे मोजणे मला अधिक खरे वाटते.

सर्वांत बोलकी खूण मात्र वेगळीच होती. "टोमॅटो पडला की ती भाजी झाली, भरीत नव्हे" या एका कमेंटला २१२ लाइक होते, मूळ पोस्टच्या अडीच पट. विरोधी कमेंट अशी पोस्टच्या वर जाते तेव्हा वाचकांनी म्हणणे फेटाळलेले असते. दोन्ही बाजूंच्या कमेंटना सारखेच लाइक असते, तर लोक विभागलेले आहेत असे मी म्हटले असते.

हे गुणोत्तर फसवतेही. "तुमच्याकडे भरितासोबत पुरी की कळण्याची भाकरी?" या पोस्टला ७० लाइक आणि १८० कमेंट होत्या, पण भांडण कुठेच नव्हते, मी प्रश्न विचारला होता आणि लोक उत्तरे देत होते. त्या कमेंट एका-दोन शब्दांच्या, थेट मला उद्देशून होत्या, एकमेकांना नव्हत्या. वाढदिवसाच्या पोस्टचेही असेच होते.

तुम्ही पोस्टमध्ये काही विचारले नसेल, तर सर्वाधिक लाइक मिळालेल्या पहिल्या दहा कमेंट वाचा आणि त्यांचे लाइक तुमच्या पोस्टच्या लाइकशी ताडून पाहा. लाइक आणि कमेंटचे गुणोत्तर मात्र तुमच्याच जुन्या पोस्टच्या नेहमीच्या प्रमाणाशी ताडावे, दुसऱ्याच्या नाही.