शिपायाचा लिपिक झाला आणि नोकरीची दोन वर्षे गेली

प्रश्न : सरकारे निवृत्तीचे वय का वाढवतात? आणि मला लागू होणारे वय नक्की कोणते, हे कसे कळेल?

माझे थोरले बंधू महाराष्ट्र शासनाच्या एका कार्यालयात शिपाई होते. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जन्मतारीख १ जून १९६५ लिहिली आणि तीच सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर अंकी व अक्षरी उतरली. राज्याच्या १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांतील नियम १० प्रमाणे शिपाई ज्यात मोडतात त्या गट ड चे निवृत्तीचे वय ६०, इतरांचे ५८. वय ज्या महिन्यात पूर्ण होते त्याच्या अखेरच्या दिवशी कर्मचारी निवृत्त होतो. जन्म एक तारखेचा असेल तर मात्र आदल्याच महिन्याच्या अखेरीस. म्हणजे शिपाई म्हणून दादा ३१ मे २०२५ पर्यंत नोकरीत राहिले असते.

२०१९ मध्ये त्यांना लिपिकपदी पदोन्नती मिळाली, ते गट क मध्ये गेले आणि ३१ मे २०२३ ला घरी बसले. आस्थापना शाखेत हे कुणीही त्यांना सांगितले नाही. मी सांगितले होते, नियम १० वाचूनही दाखवला होता. पण ‘धाकट्याला थोरल्याची बढती बघवत नाही’ असे वहिनी म्हणाल्या आणि ते वाक्य मला अजून बोचते. चोवीस महिन्यांचा पूर्ण पगार गेला, हे आजही माझे ठाम म्हणणे आहे.

म्हणून आधी सेवापुस्तकातली जन्मतारीख आणि आपला गट पाहा. तारीख चुकली असेल तर नोकरीच्या पहिल्या पाच वर्षांतच अर्ज करावा, कारण त्यानंतर दुरुस्ती सहसा होत नाही. पदोन्नतीच्या आदेशावर रुजू होण्यापूर्वी दोन्ही गटांच्या निवृत्तीच्या तारखा कागदावर मांडा.

वय वाढवण्याचे कारण माझ्या मते मुख्यतः तिजोरी हेच असते. माणूस निवृत्त झाला की उपदान म्हणजे ग्रॅच्युइटी, रजेचे रोखीकरण आणि अंशराशीकरणाची, म्हणजे निवृत्तिवेतनाचा काही भाग आगाऊ एकरकमी घेण्याची, रक्कम एकदम द्यावी लागते, वर त्या जागी नवा माणूस नेमायचा. केंद्राने १९९८ मध्ये ५८ चे ६० केले तेव्हा हा सारा बोजा दोन वर्षे पुढे गेला. तो टळला मात्र नाही. माणसे जास्त जगतात, त्यामुळे निवृत्तिवेतन अधिक वर्षे द्यावे लागते, हे कारणही खरे आहे.

लिपिकाचा पगार जास्त असल्याने दादांचे निवृत्तिवेतन थोडे वाढले, हे मान्य करायला हवे. १ नोव्हेंबर २००५ पासून रुजू झालेल्यांना मुळात जुनी योजना लागू नव्हती, तेव्हा त्यांनी हा हिशेब जसाच्या तसा धरू नये. खासगी नोकरीत कंपनीचे निवृत्तीचे वय वेगळे असू शकते. भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतले पूर्ण निवृत्तिवेतन ५८ व्या वर्षी सुरू होते, त्यासाठी दहा वर्षांची सेवा लागते.