'साडेबारा' म्हणून हाक आली की

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. ऐरोलीच्या त्या ऑफिसात तुला पाच महिने झाले, प्रोबेशनचा एकच महिना उरलाय, आणि टीममध्ये तुला कुणीच तुझ्या नावाने हाक मारत नाही. सगळे 'साडेबारा' म्हणतात. तू उशिरापर्यंत थांबलास की टीम लीड म्हणतो, "तुला कशाला रे मरमर, एक प्लॉट वीक की." आणि सगळे हसतात. तूही हसतोस. मग ट्रान्स-हार्बरच्या गाडीत बसल्यावर घणसोली येईपर्यंत तेच डोक्यात फिरत राहतं. मी उगाच मनाला लावून घेतोय का, असं विचारलंयस.

त्या आकड्यामागे काय आहे ते तुझ्या टीममधल्या किती जणांना ठाऊक असेल? सिडकोने नवी मुंबई शहरासाठी भातशेती आणि मिठागरं घेतली. मोबदल्यासाठी लोक रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण तालुक्यात गोळीबार झाला, त्यात पाच शेतकरी गेले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळायची ती योजना त्या लढ्यातून आली. तुझ्या आजोबांच्या वाट्याचा तुकडा पाच भावांत विभागला गेला आणि त्यात तुझ्या वडिलांना काय उरलं, तेही तू लिहिलंयस. त्यामुळे 'साडेबारा' म्हणजे फुकट पैसा, हा विनोद तुझ्या घराबद्दलच खोटं बोलतो. म्हणूनच तो 'चष्मिश' म्हटल्यापेक्षा जास्त लागतो.

आता दुसरी बाजू. टोपणनाव म्हणजे छळ, असं मी मानत नाही. तुमच्या आळीत तुला लहानपणी जे नाव पडलं ते आजही पोरं हाक मारून घेतात आणि तू "ओ" देतोस. तिथे तूही त्यांना त्यांच्या टोपणनावांनी हाक मारतोस, आणि रागावलास तर आठवडाभर कुणी त्या वाटेला जात नाही. ऑफिसात तसं आहे का? टीम लीडला एकदा "काय टकल्या" म्हणून बघ, असं मी सांगितलं तर तू घाबरशील. नाव ठेवायचा हक्क एकाच बाजूला आहे आणि समोरच्याच्या हातात तुझं कन्फर्मेशन आहे. "पण तू पण हसत होतास ना" असं उद्या कुणी म्हणालं तर गडबडू नकोस. प्रोबेशनवरचा मुलगा हसणार नाही तर काय करेल?

हे मी दुरून सांगत नाही. बत्तीस वर्षांपूर्वी रबाळ्याच्या एका कारखान्यात मी लॅबमध्ये होते. तिथे एका मुलाच्या हातांवर कोडाचे डाग होते. कुणीतरी त्याला 'नकाशा' नाव ठेवलं. मी ठेवलं नाही, पण पहिल्यांदा ऐकल्यावर मोठ्याने हसले, आणि नव्याने आलेल्यांना ते नाव मीच सांगितलं. तो चिडला नाही, कधी काही बोलला नाही. मे महिन्यात, भट्टीशेजारच्या त्या उकाड्यात, तो फुल शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बटण लावून काम करायला लागला. मग डबा एकटाच खाऊ लागला. मग नाईट शिफ्ट मागून घेतली. तेव्हा मला वाटलं, त्याला नाईट अलाउन्स हवा असेल. शिफ्ट बदलणं, जागा बदलणं, बाह्या लांबवणं, हे असं काही दिसायला लागलं की तोंडावरचं हसू बघत बसू नये. तू लिहिलंयस की हल्ली टीमबरोबर चहाला खाली जात नाहीस. माझ्या डोळ्यांसमोर त्या बाह्याच आल्या.

तर काय करायचं. आधी दोन आठवडे फक्त लिहून ठेव. तारीख, वेळ, कोण काय बोललं ते जसंच्या तसं, कोण कोण होतं, आणि तू काय केलंस. "मला खूप अपमान झाल्यासारखं वाटलं" हे त्यात नको, ते वेगळ्या पानावर लिही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलं असेल तर लगेच स्क्रीनशॉट घे, नाव आणि वेळ दिसेल असा. मेसेज नंतर डिलीट होतात. ही वही ऑफिसच्या लॅपटॉपवर ठेवू नकोस.

मग टीम लीडला एकट्याला गाठ. जेवणाच्या टेबलावर नको, ग्रुपवर तर नकोच. तिथे त्याला प्रेक्षक असतात आणि प्रेक्षकांसमोर माणूस माघार घेत नाही. दोन वाक्यं पुरेत: "सर, मला माझ्या नावाने हाक मारा. साडेबारा नको." १९८४ सांगत बसू नकोस, तो चर्चा सुरू करेल. आणि हसू नकोस. तुझी ती सवय मला माहीत आहे, माझ्या प्रॅक्टिकलला बीकर फुटला तरी हसायचास.

त्यानंतर काय होतं ते बघ, कारण खरा फरक तिथेच कळतो. "अरे, लक्षात नाही आलं" म्हणून थांबला, तर विषय संपला. तोंडात बसलेलं नाव एकदोनदा निसटेल, तेवढं चालवून घे. पण दुसऱ्या दिवशी "साहेबांना नावाने हाक मारा हं, रागावतात" असा नवा विनोद सुरू झाला, किंवा क्लायंटच्या कॉलवर तुझी ओळख त्याच नावाने झाली, तर ती थट्टा राहिली नाही. तू नको म्हणालास हे कळल्यावर मुद्दाम केलेली गोष्ट आहे ती.

अशा वेळी त्याच्या वरच्या मॅनेजरला आणि एचआरला एकत्र मेल कर. वहीतले तीनच प्रसंग तारखांसह घाल, अमुक दिवशी थांबवायला सांगितलं होतं हे लिही, आणि कामावर काय परिणाम झाला ते एका ओळीत. शेवटी मागणी स्पष्ट असू दे: "हे थांबावं आणि माझ्या कन्फर्मेशनचा आढावा दुसऱ्या कुणी घ्यावा." 'योग्य ती कारवाई व्हावी' असं मोघम लिहिलंस की मोघमच उत्तर येतं.

कायद्याचं विचारलंयस. ऑफिसातल्या सगळ्या प्रकारच्या छळाला लागू होईल असा एकच कायदा आपल्याकडे नाही. २०१३ चा कायदा स्त्रियांच्या लैंगिक छळाबद्दल आहे. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांसाठी आहे. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात अपंग व्यक्तीचा चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान हा गुन्हा आहे. तू आगरी, म्हणजे ओबीसी. यातलं काही तुला थेट लागू पडत नाही. तुझा आधार म्हणजे कंपनीचीच आचारसंहिता. रुजू होताना सही केलेल्या कागदांत ती असेल, ती शोध आणि मेलमध्ये तिचं कलम घाल.

मेल केल्यावर सगळं सुरळीत होईल असं मी म्हणत नाही. एखादा जुना मित्र जेवायला शेजारी बसायचा बंद होईल. दुसरी नोकरी शोधावी लागली तर तीही शोध, पण वही आणि मेल हातात ठेवून.

आणखी एक. पत्रात तू लिहिलंयस, "शेजारच्या डेस्कवरचा भैया पण हसतो." पूर्ण पत्रात त्याचा उल्लेख चार वेळा आहे आणि चारही वेळा भैया. त्याचं नाव काय आहे रे? पुढच्या पत्रात लिही.

तुझी,
मॅडम