रिपोर्टात सी-२बी आलंय, पण कोणी हलायला तयार नाही

"वकीलसाहेब, डोंबिवलीत आमची १९९४ ची बिल्डिंग आहे, स्टिल्ट अधिक चार मजले, सोळा फ्लॅट. स्ट्रक्चरल ऑडिट करून घेतलं, रिपोर्टात सी-२बी आलंय. कमिटीतले काही म्हणतात रिपोर्ट दाबून ठेवा, पालिकेत दिला तर घरं खाली करायला लावतील, आणि आपल्याला ओसी नाही म्हणजे तीस वर्षांचा नियम लागूच नाही. दुसरा गट म्हणतो नवा इंजिनियर आणून सी-१ करून घेऊ म्हणजे रिडेव्हलपमेंट लवकर होईल. एका मेंबरने तर ऑडिटच्या इंजिनियरला घरात पाऊलच टाकू दिलं नाही. मी सेक्रेटरी आहे, काय करू?"

सेक्रेटरीसाहेब, आधी भीती काढून टाकतो. सी-२बी म्हणजे लोकांना घराबाहेर न काढता स्ट्रक्चरल रिपेअर करायचं. सी-१ मध्ये बिल्डिंग खाली करून पाडायची, सी-२ए मध्ये खाली करून काही भाग पाडून मोठं रिपेअर, आणि सी-३ म्हणजे किरकोळ. तेव्हा "घरं खाली करायला लावतील" हे तुमच्या आजच्या रिपोर्टावर तरी बसत नाही. पण हेच रिपेअर तीन-चार पावसाळे रखडलं तर हीच बिल्डिंग सी-२ए कडे सरकते, आणि दाबून ठेवणाऱ्यांना नेमकं हे दिसत नाहीये.

ओसीचा मुद्दा तर मला दर महिन्याला कोणीतरी ऐकवतं. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम २६५-अ वाचा (मुंबईत याचंच भावंड ३५३-ब). तीस वर्षं झालेल्या बिल्डिंगचं स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं, आणि ही तीस वर्षं मोजायची ती कम्प्लिशन सर्टिफिकेटपासून, किंवा वापर परवाना म्हणजे ओसीपासून, किंवा निम्म्याहून कमी नाही एवढा बांधीव एरिया प्रत्यक्ष राहता झाला तेव्हापासून, यातलं जे आधी घडलं असेल त्यापासून. म्हणजे ओसी नसलेल्यांसाठी पळवाट ठेवलेलीच नाही, लोक राहायला आले की घड्याळ चालू. शिवाय तुमच्या बायलॉजमध्ये वेगळं आहेच, मॉडेल बायलॉजप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या बिल्डिंगचं ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि तिशी ओलांडली की तीन वर्षांतून एकदा.

आता रिपोर्ट उघडा, पण पहिलं पान नाही, मागच्या टेस्टच्या शीट. मी इंजिनियर नाही पण अशा भांडणांत इतके रिपोर्ट वाचलेत की कुठे बघायचं ते कळतं. इंजिनियर आधी डोळ्यांनी बघतो, म्हणजे भेगा कुठल्या दिशेने गेल्यात, पोपडे, गच्चीची गळती, टॉयलेटखालचे स्लॅब, कोणी भिंत तोडलीय का. मग हॅमर टेस्ट, ज्यात स्प्रिंगचा हातोडा काँक्रीटवर आपटून तो किती उसळतो ते मोजतात. जुन्या बिल्डिंगमध्ये ही टेस्ट हमखास गंडवते, कारण हवेतल्या कार्बन डायॉक्साइडने वरचा थर कडक झालेला असतो आणि आकडा असतो त्यापेक्षा खूप चांगला येतो. म्हणून रिपोर्टात फक्त हॅमर टेस्ट असेल तर तो रिपोर्ट अर्धाच समजा. सोबत अल्ट्रासॉनिक, कार्बोनेशन आणि काँक्रीटमधून कापून काढलेले निदान काही कोअर हवेत.

उदाहरण म्हणून स्टिल्टमधला एक कॉलम धरू. हॅमरने २४ दाखवलं, सगळे खूश. तिथूनच कोअर काढून लॅबमध्ये दाबला तर १३.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. तुमच्या काळात एम-१५, म्हणजे १५ न्यूटन ताकदीचं काँक्रीट सर्रास वापरायचे, कोअरची सरासरी त्याच्या ८५ टक्के, म्हणजे १२.७५ च्या वर असली तर काँक्रीट चालतं असं धरतात. मग कोणीतरी मीटिंगमध्ये उठून म्हणतं, बघा पास आहे, खर्च कशाला? पण त्याच कॉलमवर कार्बोनेशन टेस्टसाठी फेनॉल्फ्थलीन मारलं तेव्हा वरचे ३५ मिलिमीटर गुलाबी झालेच नाहीत आणि सळईवरचं कव्हर फक्त २५ आहे. म्हणजे सळईला गंजापासून वाचवणारी काँक्रीटची क्षारता तिथपर्यंत संपलीय. फोडून बघितलं तर १६ मिलिमीटरची सळई १३ ची उरलीय. तीनच मिलिमीटर गेले असं वाटतं ना, पण क्षेत्रफळ काढा, एक तृतीयांशाहून जास्त पोलाद गेलंय. काँक्रीट पास आणि कॉलम नापास, असं होतं ते. त्यावर नुसतं प्लास्टर आणि रंग केला तर दोन वर्षांत गंज फुगून पोपडा परत बाहेर. खरं काम म्हणजे आधी टेकू, मग सैल काँक्रीट काढणं, सळई साफ करणं, कमी पडली तिथे नवी सळई जोडणं आणि मग जॅकेटिंग म्हणजे कॉलमभोवती नवा थर, किंवा पॉलिमर मोर्टार.

म्हणून रिपोर्टात कॉलम-बीमनिहाय, मजलानिहाय यादी मागा, कुठला कॉलम, कुठला बीम, काय काम, किती. ती नसेल तर इंजिनियरकडून पुरवणी पत्र घ्या. टेकू लगेच लावा असं कुठे लिहिलं असेल तर ते कमिटीने आजच करावं, सभेची वाट बघू नका. मग पूर्ण पाच दिवसांची नोटीस देऊन स्पेशल जनरल बॉडी बोलवा, रिपोर्टची कॉपी नोटिशीसोबत प्रत्येकाला द्या आणि सही घ्या. ठराव तीनच करा. रिपोर्ट स्वीकारून पालिकेला सादर करणे, रिपेअरसाठी ऑडिट करणाऱ्याहून वेगळ्या ठेकेदाराची टेंडर मागवणे, आणि पैसा. सिंकिंग फंड वापरायचा असेल तर रिपेअर गरजेचं असल्याचं आर्किटेक्टचं सर्टिफिकेट आणि जनरल बॉडीचा ठराव लागतो, तुमचे बायलॉज जुने असतील तर निबंधकाची परवानगी लागते का ते आधी तपासा. उरलेली रक्कम एरियाप्रमाणे की समान ते ठरावातच स्पष्ट लिहा, नाहीतर पुढची पाच वर्षं त्याच्यावरच भांडण. एरियाप्रमाणे केलेलं टिकायला सोपं. ठरावानंतर पैसे न देणाऱ्यावर सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १५४-ब-२९ खाली निबंधकाकडून वसुली दाखला मिळतो.

घरात न घेणाऱ्या मेंबरला तारीख-वेळ देऊन लेखी नोटीस द्या, नाही ऐकलं तर दुसरी, आणि मग सहकार न्यायालयात त्याच अधिनियमाच्या कलम ९१ खाली दावा करून अंतरिम आदेश मागता येतो. बऱ्याचदा वकिलाची नोटीस गेली की दार उघडतं. रिपोर्टात "अमुक फ्लॅट तपासता आला नाही" हे मात्र लिहून घ्याच.

आणि "सी-१ करून घेऊ" वाल्या मंडळींना माझ्याकडून सांगा, रिडेव्हलपमेंट करायला सी-१ लागत नाही, ती जनरल बॉडी ठरवते आणि त्यासाठी शासनाचा ४ जुलै २०१९ चा निर्णय आहे. इंजिनियर आणून अक्षर बदलून घेतलं आणि कोणी एक मेंबर आव्हान द्यायला गेला तर दोन विरोधी रिपोर्ट पालिकेपुढे येतील. मुंबईत अशा वेळी तांत्रिक सल्लागार समिती बघते, तुमच्याकडे आयुक्तांना अर्ज करून व्हीजेटीआयसारख्या संस्थेकडून तिसरी तपासणी मागता येईल, पण यात महिने जातात आणि स्टिल्टचा कॉलम तोवर थांबून राहत नाही. शिवाय खोटं सी-१ मिळालं तर आधी घरं खाली, भाडं कोण देणार ते नंतर.

रिपोर्ट दाबायचा ठराव कोणी मांडलाच तर तुमचा विरोध मिनिट्समध्ये नावासकट नोंदवून घ्या. उद्या स्लॅब पडून जीव गेला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागू शकतं, पाच वर्षांपर्यंत शिक्षा, आणि पोलिस पहिल्यांदा विचारतात ते कमिटीला रिपोर्ट कधी मिळाला होता हेच.