माहिती सगळी बरोबर, तरी १० पैकी ३ का?

प्रश्न: सराव परीक्षेत तापी खोऱ्यातल्या भूजलावरच्या १० गुणांच्या उत्तराला ३ गुण मिळाले. एकही माहिती चुकीची नाही, शब्दमर्यादाही पाळली आहे. शेरा फक्त 'सविस्तर लिहा' असा आहे. उत्तर सोबत जोडलंय. ७ गुण नेमके कुठे गेले?

उत्तर:

अमळनेरला एका अभ्यासिकेत मी बरीच वर्षं मुख्य परीक्षेचे पेपर तपासतोय. आधी त्या शेऱ्याबद्दल सांगतो, कारण सुरुवातीला मीही तोच शेरा मारायचो. एका मुलाने तो मनावर घेतला आणि पुढच्या खेपेला उत्तर आणखी एका पानाने वाढवलं. वाढली ती सगळी प्रस्तावना. गुण तेवढेच राहिले. 'सविस्तर' म्हणजे काय सविस्तर, हे सांगितलं नाही तर त्या शेऱ्याचा काडीचा उपयोग नाही.

तुमचं उत्तर वाचण्याआधी मी प्रश्नच दोनदा वाचला: 'तापी खोऱ्याच्या खान्देशातील भागात भूजलपातळी खालावण्याची कारणे सांगा व त्यावर केलेल्या उपायांचे मूल्यमापन करा.' यात मागण्या दोन आहेत. कारणं सांगायची आणि उपाय कितपत चालले ते तोलायचं. दुसरं काम अवघड, म्हणून मी कारणांना ४, मूल्यमापनाला ५ आणि मांडणीला १ गुण धरला. ही वाटणी कुठे छापलेली नसते. दुसरा तपासनीस अर्धा-एक गुण इकडेतिकडे करेल, पण निम्मं वजन मूल्यमापनाला देईलच.

मग तुमच्या प्रत्येक वाक्यापुढे समासात एक खूण केली. कारण असेल तर 'का', मूल्यमापन असेल तर 'मू', दोन्ही नसेल तर शून्य. उत्तर १५६ शब्दांचं आहे. त्यात प्रस्तावना ५४ शब्द, कारणं ६१, उपाय २७ आणि शेवट १४. 'मू' एकाही वाक्यापुढे आला नाही. सगळ्यात जास्त गुण तिथेच गेले.

प्रस्तावनेत तुम्ही लिहिलंय की तापी मुलताईजवळ उगम पावते, ७२४ किलोमीटर वाहते, पश्चिमवाहिनी आहे, पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा तिला मिळतात. अगदी बरोबर. पण विचारलंय जमिनीखालच्या पाण्याबद्दल आणि तुम्ही नदीच्या प्रवाहाबद्दल सांगत बसलात. याचे गुण कापले जात नाहीत, फक्त मिळत नाहीत. खरा तोटा असा की एक तृतीयांश जागा तिथे संपली. त्याऐवजी एकच वाक्य पुरलं असतं: 'रावेर-यावल पट्ट्यात नदीकाठचा खोल गाळ आहे, तर दक्षिणेला पारोळा-चाळीसगावकडे बेसाल्टचा कठीण खडक.' हे वाक्य पुढे कारणांतही कामी येतं आणि उपायांतही.

कारणांना मी २ दिले. कमी पाऊस, जंगलतोड, वाढती लोकसंख्या, शहरीकरण, अतिउपसा. इथे एक साधी परीक्षा घ्या. वाक्यातली तापी काढा आणि तिथे मराठवाडा घाला. वाक्य तसंच्या तसं खरं राहिलं, तर ते या प्रश्नाचं उत्तर नव्हे. तुमचं एकच वाक्य या परीक्षेत टिकतं: 'केळीसाठी कूपनलिकांची संख्या वाढली.' तेच धरून पुढे जायला हवं होतं. केळी वर्षभर शेतात उभी असते आणि भर उन्हाळ्यातही पाणी मागते. गाळाचा थर खोल असल्याने पाणी खाली गेलं की कूपनलिकाही खाली नेता येते. त्यामुळे उपसा थांबत नाही, नुसता खोल जातो. त्यात राज्यात २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांची वीज मोफत झाल्यावर जास्त उपसा केला म्हणून बिल वाढण्याचा धाकही उरला नाही. चार-पाच कारणांची नावं देण्यापेक्षा एकाच कारणाची अशी साखळी लिहिली असती तर ३ मिळाले असते.

आता उपाय. तुमचं वाक्य असं आहे: 'ठिबक सिंचन, शिरपूर पॅटर्न, शेततळी, वृक्षारोपण असे उपाय करता येतील.' यातलं 'करता येतील' बघा. प्रश्नात 'केलेल्या' म्हटलंय. एका क्रियापदाने तुम्ही झालेल्या कामाच्या हिशेबाऐवजी पुढच्या योजनांची यादी दिलीत. नावं नेमकी म्हणून मी १ दिला.

मूल्यमापन म्हटलं की मुलांना वाटतं फायदे-तोटे लिहायचे. तसं नाही. उपायाने पाणी खरंच वाढलं का किंवा उपसा खरंच घटला का, आणि तो कुठल्या जमिनीत लागू पडतो, एवढंच विचारायचं. ठिबकाने एका झाडामागे पाणी कमी लागतं, हे खरं. पण वाचलेल्या पाण्यावर शेतकऱ्याने आणखी दोन एकर केळी लावली तर एकूण उपसा होता तेवढाच राहतो. शेततळ्याचं तर विशेषच. प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यातून थेंबभर पाणी जमिनीत मुरत नाही, आणि बऱ्याचदा ते तळं विहिरीच्याच पाण्याने भरलेलं असतं. म्हणजे भूजल वर काढून उन्हात ठेवलं. पुनर्भरणाच्या उपायांत शेततळं नुसतं लिहून मोकळं होणारी मुलं दर बॅचला निघतात.

शिरपूर पॅटर्नचं तर तुम्ही फक्त नाव घेतलंत, तेही धुळे जिल्ह्याच्या शेजारी राहून! भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी शिरपूर तालुक्यात नाले रुंद आणि खोल करून त्यांवर ओळीने सिमेंटचे बंधारे घातले. तिथल्या गाळात चिकणमातीचे थर आहेत आणि ते पाणी मुरू देत नाहीत. नाला खोल केल्यावर पाण्याला त्यांच्याखालच्या वाळूपर्यंत वाट मिळाली. बेसाल्टमध्ये मात्र पाणी भेगांत आणि झिजलेल्या थरातच मावतं, म्हणून तिथे तेवढंच खोदकाम करून तेवढा लाभ होत नाही. नको तितकं खोल गेलं तर आजूबाजूच्या विहिरींचं पाणी उलट नाल्यात झिरपू शकतं. एवढं चार ओळींत आलं असतं तर ५ पैकी ३ नक्की.

तुमचा शेवट 'सर्वांनी पाण्याचा थेंब न् थेंब वाचवणे काळाची गरज आहे' असा आहे. त्याला शून्य. निकाल द्या: 'पुनर्भरण गाळाच्या पट्ट्यात लागू पडले, परंतु उपशावर बंधन न आल्याने त्याचा लाभ अपुरा राहिला.' हे वरच्या दोन्ही भागांतून निघतं आणि प्रश्नाला उत्तरही देतं.

अक्षर, अधोरेखन यांत तुमचं काही गेलेलं नाही. नकाशाची छोटी आकृती काढली असती तर गाळ आणि खडक कुठे ते तिच्यातच दिसलं असतं आणि १५-२० शब्द वाचले असते.

आता हेच उत्तर १५० शब्दांत पुन्हा लिहा. प्रस्तावना २०, कारणं ५०, मूल्यमापन ६५, शेवट १५. लिहून झालं की समासात स्वतःच 'का' आणि 'मू' टाका. 'मू' तीनदा तरी आला तर इथे टाका, मी पुन्हा बघतो. माझा अंदाज साडेसहाचा आहे.